हौदातला वास आणि फरशीखालची लाइन: आधी धूर, मग पाणी

प्रश्न: "सोलापुरात साखर पेठेत आजोबांनी बांधलेलं साठ वर्षांचं घर आहे. मागच्या संडास-न्हाणीपासून रस्त्याकडच्या चेंबरपर्यंत फरशीखालून चिनीमातीची जुनी ड्रेनेज लाइन जाते. बोळात तिच्यापासून चार फुटांवर पाण्याचा हौद आहे. दोन महिने झाले, हौदातल्या पाण्याला वास मारतोय. नळाला पाणी यायच्या आदल्या दोन दिवसांत तर फारच. प्लंबर म्हणतो सगळी लाइन उकरू. धुराची किंवा पाण्याची टेस्ट करून गळतीची नेमकी जागा कळते का? आधी कोणती करायची?"

सगळ्यात आधी एक काम करा. हौदाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरणं आजपासून बंद. बाकीचं सावकाश बघू.

तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला फार कामाची वाटते: पाणी यायच्या आदल्या दोन दिवसांत वास जास्त. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे आलं की हौद काठोकाठ भरायचा आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचा, हे घरोघरी चालतं. भरलेल्या हौदातलं पाणी भिंतीवर आतून बाहेर दाबत असतं. भिंतीला भेग असली तरी तोवर बाहेरची घाण आत शिरत नाही, उलट हौदाचंच पाणी हळूहळू मातीत जातं. पातळी उतरून भेगेच्या खाली गेली, की हा दाब संपतो. मग बाजूच्या मातीत मुरलेलं ड्रेनेजचं पाणी त्याच भेगेतून आत झिरपायला लागतं. म्हणजे तुमच्या घरात भोक एक नाही, दोन असावीत: एक लाइनला, एक हौदाला. नुसती लाइन दुरुस्त केली तर हौद गळत राहील. नुसत्या हौदाला प्लास्टर केलं तर ड्रेनेजचं पाणी पायाखालच्या काळ्या मातीत मुरत राहील.

पण हे झालं अनुमान. लाइनला हात लावण्याआधी एक फुकटातली खात्री करून घ्या. पाणी येईल त्या दिवशी नळाचं पाणी थेट एका स्वच्छ काचेच्या बाटलीत भरा आणि झाकण लावून सावलीत ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवशी हौदाला वास सुटेल तेव्हा बाटली उघडून बघा. बाटलीतल्या पाण्यालाही तसाच वास असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या पाण्यात आहे आणि तुमची लाइन बिचारी उगाच बदनाम होतेय. बाटली चांगली आणि हौद वाईट असेल, तर हौद एकदा रिकामा करून तळाचा गाळ बघा. मेलेली पाल किंवा उंदीर निघाल्याचंही मी पाहिलंय. तसं काही नसेल तरच पुढचं वाचा.

आता टेस्टबद्दल. नव्या बांधकामाच्या टेस्टचे आकडे पुस्तकात सापडतात, पण ते जुन्या घराला जसेच्या तसे लावू नका. नवी चिनीमातीची लाइन तपासताना तिच्यावर दीड ते अडीच मीटर उंचीच्या पाण्याचा दाब देतात. साठ वर्षांच्या सिमेंटच्या सांध्यांवर तेवढा दाब दिला तर जे आजवर गळत नव्हतं तेही गळायला लागेल. शिवाय आपल्याला लाइन पास-नापास करायची नाहीये, जागा शोधायची आहे. तेव्हा चेंबर जवळजवळ भरेल एवढाच दाब पुरे. रोजच्या वापरात लाइनवर याहून जास्त दाब येतच नाही.

आधी धूर की पाणी? आधी धूर, आणि याचं कारण आपली माती आहे. धूर पाइपातून निघून मातीतल्या पोकळ्यांमधून वर येतो. माती कोरडी आणि भेगाळलेली असली तरच तो वर पोचतो. आधी पाण्याची टेस्ट केली की गळतीच्या आसपासची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि भेगा मिटतात. मग तिथून धूर येतच नाही आणि तुम्ही समजता की इथे सगळं ठीक आहे. म्हणून धुराची टेस्ट उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये करावी. सोलापुरात खरा पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. त्यानंतरचे काही आठवडे धुरावर भरवसा ठेवू नका. मुरमात लाइन असेल तर एवढा फरक पडत नाही, पण पेठांमधल्या जुन्या घरांखाली बहुतेक काळी माती किंवा भराव असतो.

दोन्ही टेस्टच्या आधी लाइन धुऊन घ्या आणि दोन्ही टोकांची चेंबरं तासभर उघडी ठेवा. मग वरच्या चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाशी टॉर्च धरा आणि खालच्या चेंबरमध्ये आरसा तिरका धरून आत बघा. पूर्ण गोल उजेड दिसला तर लाइन सरळ आहे. अर्धचंद्र दिसला आणि खाली पाणी चमकलं, तर मध्ये लाइन बसली आहे. बसलेल्या ठिकाणी पाणी साचून राहतं आणि ते धुराची वाट अडवतं. अशा वेळी धूर दोन्ही टोकांनी वेगवेगळा सोडावा लागतो. चेंबरमध्ये उतरायचं मात्र नाही, कितीही उथळ वाटलं तरी. आरसा काठीला बांधा, प्लग काठीने सरकवा, सगळं वरून करा.

धुरासाठी माझ्याकडे झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, त्याला छोटा ब्लोअर आणि लांब होज जोडलेला. डब्यात जुन्या तेलात भिजवलेलं तरट जळत ठेवतो. दाट, पांढुरका, वासाचा धूर निघतो. लग्नाच्या स्टेजवरचं फॉग मशिनही वापरून पाहिलं. त्याची वाफ ओल्या पाइपात विरून जाते आणि तिला फारसा वास नसल्याने बारीक गळती नाकाला कळत नाही. चार-पाच मीटरच्या लाइनला चालेल. तरट जाळणार असाल तर डबा चेंबरपासून दहा-बारा फूट दूर, उघड्यावर ठेवा. चेंबरमध्ये किंवा त्याच्या तोंडाशी काडी ओढायची नाही, आत पेट घेणारा वायू असू शकतो. घराची दारं-खिडक्या सताड उघडी हवीत. दम्याचा त्रास असलेलं माणूस आणि लहान मुलं त्या दिवशी बाहेर पाठवा. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. साखर पेठेत धूर दिसला की लोक बादल्या घेऊन धावतात, आणि धावावंच.

टेस्टची रीत साधी आहे. रस्त्याकडच्या चेंबरमध्ये लाइनच्या तोंडात प्लग बसवा, म्हणजे धूर बाहेरच्या गटारात जाणार नाही. न्हाणीचे, मोरीचे आणि संडासाचे सगळे ट्रॅप, म्हणजे वास अडवायला पाणी साठून राहतं ती वळणं, पाण्याने भरा. मागच्या चेंबरमधून धूर सोडा, चेंबरवर ओलं पोतं नीट दाबून. व्हेंट पाइपाचं, म्हणजे लाइनमधला वायू वर सोडणाऱ्या उभ्या पाइपाचं, वरचं तोंड आधी उघडं ठेवायचं. तिथून दाट धूर दिसला की लाइन भरली असं समजायचं आणि मग तेही ओल्या फडक्याने बंद करायचं. आता दाब बेताचा ठेवा. प्रमाण आहे २५ मिलिमीटर पाण्याचा दाब, १५ मिनिटं टिकवून. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी अडून असतं, त्यामुळे २५ ला ते उडत नाही. ब्लोअर जोरात सोडला की ट्रॅपमधून बुडबुडे येतात, घरभर धूर होतो आणि सगळीकडेच गळती आहे असं वाटतं. दाब मोजायला महागडं यंत्र नको. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून अर्धी रंगीत पाण्याने भरा आणि एक टोक होजला जोडा. दोन बाजूंच्या पातळीत अडीच सेंटिमीटरचा फरक आला की थांबा.

धूर दिसला की लोक तिथेच पहार मारायला धावतात. थांबा. धूर सोपी वाट धरतो, सरळ वाट नाही. शहाबादी फरशीखालची पोकळी, भिंतीच्या पायालगतची भेग, घुशीचं बीळ, यातून तो पाच-सहा फूट दूरही निघतो. म्हणून एक माणूस खडू आणि घड्याळ घेऊन फिरायला हवा. जिथे आणि ज्या मिनिटाला धूर दिसेल तिथे ती वेळ खडूने लिहायची. सगळ्यात आधी जिथे निघाला त्या जागेला महत्त्व. नंतर जिथे जिथे निघतो तो बऱ्याचदा त्याच भोकातला, फिरून आलेला असतो. ट्रॅपमधून निघाला तर ट्रॅप सुकलेला किंवा तडकलेला आहे आणि जमिनीखाली शोधायची गरजच नाही. आणि धूर कुठूनच आला नाही, तर लाइन चांगली आहे असं ठरत नाही. फक्त धुराला वाट मिळाली नाही, एवढंच कळतं.

म्हणून पाणी. मला दोन्हींत पाण्याची टेस्ट जास्त आवडते, कारण ती खोटं कमी बोलते आणि तिचा हिशेब मांडता येतो. बहुतेक जण पाणी भरतात, उतरलं की "गळतंय" म्हणतात आणि उकरायला घेतात. पाणी उतरतंय हे तर आधीपासूनच माहीत होतं. बघायचं ते हे की पाणी कुठे येऊन थांबतं. भोकाच्या वरचं पाणी निघून जातं, खालचं राहतं. पातळी जिथे स्थिरावली तेवढ्या खोलीवर भोक आहे. आणि लाइनला उतार असल्यामुळे खोली कळली की अंतरही बरंचसं कळतं.

तुमच्यासारख्याच एका घराचं उदाहरण देतो. शुक्रवार पेठेतलं घर, लाइन १०० मिलिमीटर व्यासाची, चेंबर ते चेंबर १०.८ मीटर. जुने चिनीमातीचे पाइप बहुधा ६० सेंटिमीटरचे असतात. म्हणजे १८ तुकडे आणि जवळजवळ तितकेच सांधे. मागच्या चेंबरमध्ये पाइपाचा तळ फरशीपासून ३८ सेंटिमीटर खोल होता, पुढच्या चेंबरमध्ये ६५. उतार २७ सेंटिमीटरचा, म्हणजे ४० ला १. पुढची खोली मोजताना लेव्हल पाइपने दोन्ही ठिकाणची फरशी एकाच पातळीत धरायला विसरू नका. जुन्या घरात फरशीच दोन-तीन इंच वरखाली असते.

आधी नुसतं मागचं चेंबर तपासलं. त्याचं बाहेर जाणारं तोंड बंद करून पाणी भरलं आणि अर्धा तास थांबलो. जुन्या विटांच्या चेंबरचं प्लास्टर सुटलेलं असतं. पुष्कळदा गळती चेंबरमध्येच निघते आणि लाइन निर्दोष सुटते. इथे चेंबर ठीक होतं. मग पुढच्या चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडात मध्ये नळी असलेला टेस्ट प्लग बसवला. नळीला पारदर्शक लेव्हल पाइप जोडून ती भिंतीला उभी बांधली. हे का, तर पाणी मागच्या चेंबरच्या तळाखाली उतरलं की ते चेंबरमध्ये दिसेनासं होतं. नळीत मात्र शेवटपर्यंत दिसतं.

पाणी भरलं ते फरशीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत. यापेक्षा वर गेलो असतो तर न्हाणीच्या ट्रॅपमधून उलटं आलं असतं. तुमच्याकडे सगळ्यात खालची न्हाणी कोणती ते आधी बघा आणि तिच्या खालीच थांबा. १०० मिलिमीटरच्या पाइपात मीटरला पावणेआठ लिटरच्या आसपास पाणी मावतं. लाइनमध्ये ८५ लिटर आणि चेंबरमध्ये ४६, म्हणजे नऊ बादल्या. सोलापुरात पाणी असं ओतताना हात कचरतो, पण त्याला पिण्याचं पाणी लागत नाही. घरच्या बाईंनी दोन दिवस आंघोळीचं आणि कपडे खळबळल्याचं पाणी पिंपात साठवून ठेवलं होतं, तेच वापरलं. फडक्यातून गाळून घ्यायचं, एवढंच.

भरल्याबरोबर मोजायला सुरुवात करायची नाही. सांध्यांचं कोरडं सिमेंट आणि चेंबरच्या विटा सुरुवातीला पाणी पितात. तासभर थांबायचं, पुन्हा खुणेपर्यंत भरायचं आणि मग घड्याळ लावायचं. आणि प्लगच्या बाजूने पाणी ठिबकत नाही ना, हे पुढच्या चेंबरमध्ये टॉर्च मारून सतत बघत राहायचं. माझ्या उमेदवारीत मी एकदा अर्धा दिवस प्लगचीच गळती मोजत बसलो होतो. मालक चहा देत होते, मी आकडे लिहीत होतो.

किती उतरलं तर चालतं? नव्या लाइनसाठी मुभा अशी आहे: व्यासाच्या दर सेंटिमीटरला, लांबीच्या दर किलोमीटरला, १० मिनिटांत २ लिटर. आपल्या १० सेंटिमीटर व्यासाच्या, १०.८ मीटर लाइनला ते होतात जेमतेम २१५ मिलिलीटर. ते चेंबर ४५ बाय ४५ सेंटिमीटरचं होतं, म्हणजे एक सेंटिमीटर उतरलं की दोन लिटर गेले. तेव्हा १० मिनिटांत एक मिलिमीटर उतरणं क्षम्य. जुन्या लाइनला मी तीन-चार मिलिमीटरसुद्धा माफ करतो, जवळपास हौद किंवा विहीर नसेल तर. त्या घरात पहिल्या १० मिनिटांत पातळी ७ सेंटिमीटर उतरली. १४ लिटर! हे काही झिरपणं नव्हे, सरळ धार.

तासभरात पाणी मागच्या चेंबरच्या तळापर्यंत आलं. त्यानंतर उतरण्याचा वेग मंदावला, कारण भोकावरचा दाब कमी होत गेला. इथे लोक कंटाळून उठतात. आम्ही बसून राहिलो. पावणेचार तासांनी नळीतली पातळी फरशीखाली ५१ सेंटिमीटरवर थांबली आणि पुढचा अर्धा तास हलली नाही.

आता हिशेब. भोक ५१ सेंटिमीटर खोलीवर आहे. ते पाइपाच्या तळाला असेल, तर मागच्या चेंबरपासून तळ ५१ वर कुठे येतो? ३८ पासून १३ सेंटिमीटर खाली, ४० ला १ उताराने ५.२ मीटरवर. भोक पाइपाच्या माथ्याला असेल तर तिथे तळ ६१ वर हवा, म्हणजे ९.२ मीटरवर. भोक ५.२ ते ९.२ मीटरच्या मध्ये कुठेतरी. ही या पद्धतीची मर्यादा आहे. पाइपाचा व्यासच १० सेंटिमीटर असल्यामुळे या उताराला चार मीटरचा घोळ राहतोच. लाइन मध्ये बसलेली असेल तर घोळ आणखी वाढतो, कारण मग उताराचं गणितच खरं राहत नाही. म्हणून आरशाची पाहणी आधी सांगितली. आणि भोकं दोन असतील तर पातळी सगळ्यात खालच्या भोकावर थांबते, वरचं लपून राहतं. पातळी उतरताना दर १० मिनिटांनी लिहून ठेवली असेल, तर एखाद्या खोलीवर वेग एकदम पडलेला दिसतो. तिथे दुसरं भोक असल्याची शंका घ्यायची.

तरीही १०.८ मीटरवरून चारवर आलो. बाकीचं काम प्लग सरकवून केलं. पुढच्या चेंबरमधून फुगवायचा रबरी प्लग काठीने ४.८ मीटर आत ढकलला, म्हणजे तो मागून ६ मीटरवर बसला. असा प्लग नसेल तर आमचे जुने लोक फुटबॉलची ब्लॅडर दोरी बांधून वापरायचे. चालते, पण दोरी पक्की हवी, नाहीतर तीच काढायला लाइन उकरावी लागेल. पुन्हा पाणी भरलं. अर्धा तास पातळी जागची हलली नाही. म्हणजे मागचे सहा मीटर चांगले. मग प्लग मागून ७.८ मीटरवर आणला. आता पातळी उतरू लागली. गळती ६ ते ७.८ मध्ये, तीन तुकड्यांच्या अंतरात.

त्या पट्ट्यात पाइपाचा तळ ५३ ते साडेसत्तावन्न सेंटिमीटरवर होता आणि पाणी थांबलं होतं ५१ वर. म्हणजे भोक तळाला नाही, तळापासून दोन ते साडेसहा सेंटिमीटर वर, पाइपाच्या कुशीत. आदल्या दिवशीच्या धुराने काय सांगितलं होतं? पहिला धूर सातव्या मिनिटाला भिंतीच्या कोपऱ्यातून, मागून साडेआठ मीटरवर निघाला होता. धुरावर विश्वास ठेवून तिथे खणलं असतं तर चांगले पाइप फोडले असते.

६ ते ७.८ मीटरमधली फरशी काढली. भिंतीलगत घुशीचं बीळ सापडलं. घुशीने पाइपाखालची माती पोखरल्यामुळे एक तुकडा खाली बसला होता आणि मागून ७.२ मीटरवरच्या सांध्याच्या कानाला हौदाच्या बाजूने बोटभर रुंद तडा होता. कोपऱ्यातला धूर त्याच बिळातून सव्वा मीटर फिरून आला होता. हे बीळ जिथे हौदाच्या भिंतीला टेकत होतं, तिथल्या दगडांमधल्या फटींचा मसाला पार निघून गेला होता. दुसरं भोक ते.

तुमच्या घरात हेच निघेल असं मी म्हणणार नाही. कडुनिंबाची मुळं, भरावाचं बसणं, कधीतरी वरून गेलेला जड ट्रॉलीचा भार, कारणं अनेक. लाइनचा उतार मुळातच कमी असेल तर पातळीच्या हिशेबात जागा आणखी लांब पसरते. मग सगळा भरवसा प्लग सरकवण्यावर. मधल्या मोरीची जोडणी लाइनला येऊन मिळत असेल तर तिचंही तोंड बंद करावं लागेल, नाहीतर तिच्या गळतीचा दोष मुख्य लाइनवर येईल. कॅमेऱ्याने पाहणी करणारे लोकही आता मिळतात. तडा दिसतो, मूळ दिसतं, पण सांध्यातून पाणी जातंय की नाही ते कॅमेऱ्याला सांगता येत नाही. म्हणून कॅमेरा वापरलात तरी पाण्याची टेस्ट टाळू नका.

स्वतः कराल का? पाण्याची टेस्ट एका मदतनिसाबरोबर करता येईल. धुराची मात्र ज्याने आधी केली आहे अशा माणसाकडूनच करून घ्या. तुमच्या प्लंबरला वेगळ्याने पटवायची गरज नाही. त्याला फक्त विचारा, "भोक किती खोलीवर आहे ते मोजून सांगाल का?" मोजतो म्हणाला तर चांगला माणूस आहे.

एक काळजी घ्या. पाण्याच्या टेस्टमध्ये जाणारं सगळं पाणी तुमच्याच पायाखाली मुरतं. काळी माती ते पिते, फुगते आणि मग सुकताना आकसते. एका जागी तीन-चार वेळा भरणं ठीक. रात्रभर भरून ठेवायचा हट्ट नको. टेस्टच्या दिवशी हौद रिकामा ठेवा आणि आतून टॉर्च मारून भिंती बघा. लाइन भरल्यावर हौदाच्या भिंतीवर ओलीचा ठिपका उमटला, तर दोन्ही भोकांचा पत्ता एकदमच लागतो. खात्री हवी असेल तर शेवटच्या भरण्यात थोडा खाण्याचा रंग मिसळा. तो ठिपक्यात दिसला की वाद मिटला.

त्या घरात आम्ही ६ ते ९ मीटरमधले पाच तुकडे काढले आणि ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकला. खाली चोपलेला मुरूम, त्यावर वाळूचा थर. जुन्या चिनीमातीला पीव्हीसी जोडताना नुसतं सिमेंट थापून चालत नाही, पीव्हीसीच्या गुळगुळीत अंगावर ते धरत नाही आणि वर्षभरात सुटतं. रबरी कपलिंग दोन्ही बाजूंना पट्ट्याने आवळलं. बीळ दगड-काँक्रीटने भरलं. खड्डा उघडा ठेवूनच पुन्हा पाणी भरलं. १० मिनिटांत दोन मिलिमीटर उतरलं, जुन्या भागातल्या सांध्यांचं. तेवढं सोडून दिलं आणि मग माती ओढली.

हौदाच्या त्या भिंतीतल्या दगडांमधल्या फटी खरवडून, वॉटरप्रूफिंग घालून आतून प्लास्टर केलं. नंतर हौद धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून रिकामा केला. पुढच्या पाळीला भरल्यावर रात्री वापर बंद झाल्यानंतर भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि पहाटे नळ उघडण्याआधी पाहिली. खूण पाण्याला टेकलेली होती. तुमचीही लाइन झाली की हीच पेन्सिल घ्या, पण आधी मला दोन चेंबरांमधलं अंतर, दोन्हीकडच्या पाइपाच्या तळाची खोली आणि हौदाची खोली इथेच लिहून कळवा. पातळी कुठवर थांबली तर कुठे खणायचं, याचा तक्ता मी तुम्हाला करून देतो.